शब्दचर्चा : तक्त्यात ‘प्रेषित’ लिहावं की ‘संदेष्टा’?

मोहफूल: उजळणीसाठी तीन रकान्यांचा तक्ता करून राहिली आहे: यहुदी, ख्रिस्ती, इस्लाम. ओळीला नाव दिलं ‘प्रेषितांचं कार्य’. ख्रिस्ती रकान्यात पेत्र आणि पौल लिहिले, तर मैत्रीण म्हणते चुकलं. बायबलात ‘प्रेषितांची कृत्ये’ असं पुस्तकच आहे ना जी?

वर्धाकाठ: घोळ त्या नावानंच होतो. मराठी बायबलात ‘प्रेषित’ म्हणजे येशूनं आपली वार्ता सांगायला पाठवलेली माणसं. यशया, यिर्मया, आमोस हे ‘संदेष्टे’. इस्लामविषयी मराठीत लिहिताना मात्र आपण ‘प्रेषित मुहंमद’ म्हणतो. शब्द तोच, पण पद वेगळं. पेत्र-पौल या ओळीतून काढा.

तुरीची शेंग: हिंदी गाईडात ‘भविष्यवक्ता’ आहे. तोच घ्या, होणारं आधी सांगतो तो.

वर्धाकाठ: अर्धं बरोबर आहे. पण आमोसाचा आठवा अध्याय वाचा. धान्य मोजून द्यायचं माप लहान, चांदी तोलून घ्यायचं वजन जड आणि तराजू खोटा, यावरून तो व्यापाऱ्यांना झोडपतो. कापूस विकताना काटा मारलेला ज्यानं पाहिला, त्याला हे फोडून सांगावं लागत नाही. देवाशी केलेला करार मोडला म्हणून लोकांना आणि राजालाही तोंडावर सुनावणं, हे यहुदी रकान्यातलं मुख्य काम. भविष्य त्यामागून येतं: असंच चाललं तर देश जाईल.

काळी माती: आमच्या रिद्धपूरकडे महानुभाव लोक चक्रधरस्वामींना परमेश्वराचा अवतार मानतात. मग ‘अवतार’च लिहा ना तिन्हीकडे.

ओसरी: नाही जमणार दादा. अवतार म्हणजे देव स्वतः आला. नबी म्हणजे संदेष्टा, तो माणूसच, देवानं निवडलेला. इस्लाममध्ये ही रेघ फार पक्की आहे. ईसा, म्हणजे येशू, तिथं नबीही आहेत आणि रसूलही, म्हणजे देवानं संदेश देऊन पाठवलेले, पण देवाचा पुत्र नाहीत. ख्रिस्ती श्रद्धेत येशू देवपुत्र, म्हणून नुसतं ‘संदेष्टा’ लिहिलं तर उत्तर अपुरं राहतं. यहुदी धर्म त्याला संदेष्टा मानत नाही.

मोहफूल: तिन्हीकडे असलेलं एक नाव घेऊन ओळ भरून दाखवा ना.

वर्धाकाठ: योना घ्या.
यहुदी: निनवेच्या लोकांनी पश्चात्ताप केला आणि देवानं शिक्षा मागे घेतली, योम किप्पूर या प्रायश्चित्ताच्या दिवशी दुपारी हे पुस्तक वाचतात.
ख्रिस्ती: माशाच्या पोटातले तीन दिवस ही येशूच्या पुनरुत्थानाची खूण (मत्तय १२:४०).
इस्लाम: यूनुस, कुराणाच्या दहाव्या सूरेला, म्हणजे अध्यायाला, त्यांचंच नाव. माशाच्या पोटातून केलेली त्यांची प्रार्थना एकविसाव्या सूरेत आहे.
‘तिन्हीकडे योना आहे’ एवढंच लिहिलं तर तुलना होत नाही. त्याच्याकडून कोण काय घेतो, ते लिहा.

ओसरी: इस्लामच्या रकान्यात मुहंमद शेवटचे नबी हे विसरू नका. ओळीचं नाव ‘पैगंबर’ ठेवा. फारसीत अर्थ ‘संदेश आणणारा’, म्हणजे संदेष्टाच.

वर्धाकाठ: अर्थ जुळतो, पण ‘पैगंबर यशया’ मराठी कानाला खटकतं. माझं मत ‘संदेष्टा’.

ओसरी: आणि ‘संदेष्टा मुहंमद’ आमच्या घरी कोणी म्हणत नाही.