उद्याच्या रजेचा मेसेज कडक साहेबांना कसा टाकू? (अर्जंट)

सिडकोवाला
मंडळी, लवकर सांगा, मेसेज आजच रात्री टाकायचाय. आधीच्या साहेबांना मी नुसतं "साहेब उद्या नाही जमत 😅🙏" टाकायचो, त्यांचा 👍 यायचा, विषय संपला. आता जे नवीन आलेत ते भलतेच कडक. गेल्या आठवड्यात एकाने त्यांना व्हॉइस नोट टाकली, तर ग्रुपवर सगळ्यांसमोर "टाइप करून पाठवा" एवढंच उत्तर आलं. मी हे लिहून ठेवलंय:

"गुड इव्हनिंग सर 😊 उद्या जरा घरी काम आहे तर येणं होणार नाही 🙏🙏 प्लीज अ‍ॅडजस्ट करा ना 😅"

पाठवू का?

गोदाकाठ
ऑफिसात आहात की शॉप फ्लोअरवर? काम काय आहे? पाळी कोणती? रजा एकच दिवस की जास्त?

सिडकोवाला
अंबडला आहे, क्वालिटीत. पहिली पाळी. एकच दिवस. घरच्या कामाचं कशाला सांगायचं? मी फक्त इमोजी ठेवू की काढू एवढंच विचारतोय.

मिसळप्रेमी_पंचवटी
भावा, व्हॉइस नोटच टाक. लिहिलेलं कोरडं वाटतं, आवाजात नम्रपणा कळतो. माझ्या साहेबांना मी कायम तशीच टाकतो, आजवर एकदाही नाही म्हणाले नाहीत.

लेथवाला_काका
तुझे साहेब कॉलेज रोडच्या एसी ऑफिसात बसतात रे. इथे प्रेस चालू असताना कानात प्लग घालून उभा असलेला माणूस तुझी पाऊण मिनिटाची नोट ऐकणार कधी? आमच्या वेळी सरळ अर्ज लिहून फोरमनच्या टेबलावर ठेवायचो.

मिसळप्रेमी_पंचवटी
काका, तुमच्या वेळी फोन तरी होता का 😂

रजा_रजिस्टर
मी कारखान्यातच एचआरला आहे. तुमचा मेसेज वाचून साहेबांना काय काय करावं लागतं ते आधी बघा. तुमच्या जागी माणूस उभा करायचा असतो आणि बहुतेक ठिकाणी तोच मेसेज पुढे आमच्याकडे येतो. व्हॉइस नोट पुढे पाठवली तर आम्हाला ती ऐकून तारीख शोधावी लागते, आणि महिनाअखेरीला हजेरीचा वाद निघाला की चॅटमध्ये शोधून ती सापडत नाही. म्हणून "टाइप करा" म्हणतात. तो राग असेलच असं नाही.

तुमच्या मेसेजमध्ये मला इमोजीपेक्षा बाकीचंच जास्त खटकतं. तारीख नाही, रजेचा प्रकार नाही, कारण "जरा काम". येणार नाही हे तुम्ही परस्पर ठरवून कळवताय आणि पुढचं सगळं "अ‍ॅडजस्ट करा ना" म्हणून त्यांच्या गळ्यात टाकताय. त्यावर 😅 आलं की समोरच्याला वाटतं, याला काही गांभीर्यच नाही. काम नक्की काय आहे? आणि उद्या तुमच्या विभागात विशेष काही आहे का?

सिडकोवाला
वडिलांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन. पुढच्या आठवड्यात होतं, आज दुपारी हॉस्पिटलचा फोन आला की उद्या सकाळीच घेऊन या. आणि उद्या कस्टमर ऑडिट आहे, पण ते साहेबांना माहीतच आहे की.

गोदाकाठ
अहो!! ऑडिट आहे हे आत्ता सांगताय?

आडगाव_नाका
ऑपरेशनआधी वडिलांची साखर तपासून घ्या. माझ्या सासऱ्यांची ऐनवेळी वाढलेली निघाली आणि तारीख पुढे गेली. आणि नंतर ड्रॉपच्या वेळा कागदावर लिहून भिंतीला लावा.

नियमाने_चला
साहेब सरळ नाही म्हणू शकतात. कायद्यानेच पंधरा दिवस आधी अर्ज द्यावा लागतो.

रजा_रजिस्टर
1948 च्या कारखाना कायद्यातली पंधरा दिवसांची अट वार्षिक पगारी रजेसाठी होती. कॅज्युअल रजा त्या कायद्यात नव्हतीच, ती कंपनीच्या नियमाने चालते. यांना एक दिवसाची कॅज्युअल हवी आहे, उगाच घाबरवू नका.

सिडकोवाला, ऑडिट आहे म्हणून आधी फोन करा. उचलला नाही तर लगेच मेसेज, तोही ग्रुपवर नाही, त्यांच्या नंबरवर. ऑडिटमधलं तुमच्याकडे काय आहे?

सिडकोवाला
गेज कॅलिब्रेशनची फाइल. माझ्या टेबलच्या वरच्या खणात आहे. जोडीदाराला माहीत आहे.

रजा_रजिस्टर
मग असं लिहा:

"नमस्कार सर. उद्या, गुरुवारी, एक दिवसाची कॅज्युअल रजा मिळावी ही विनंती. वडिलांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन पुढच्या आठवड्यात होतं, हॉस्पिटलने आज दुपारी कळवून ते उद्या सकाळी घेतलं आहे. सोबत मीच आहे. ऑडिटसाठी लागणारी गेज कॅलिब्रेशनची फाइल माझ्या टेबलच्या वरच्या खणात आहे, पहिल्या पाळीतल्या जोडीदाराला सांगून ठेवलं आहे. सकाळी ऑपरेशनच्या वेळी फोन उचलता येणार नाही, दुपारी दोननंतर उपलब्ध आहे."

पाठवण्याआधी जोडीदाराशी खरंच बोलून घ्या. शेवटी एक 🙏 ठेवलात तरी चालेल, हसरे चेहरे मात्र काढा. जोडीदाराला "फाइल बघ रे भावा 😅" खुशाल टाका, पाळी बदलून घ्यायची असेल तर आपसात व्हॉइस नोटही चालते. वडिलांना घेऊन रिक्षात बसलात आणि टाइप करणं अशक्य झालं, तर साहेबांनाही व्हॉइस नोट पाठवा, पण हॉस्पिटलला पोचल्यावर एक लेखी ओळ टाका.

मिसळप्रेमी_पंचवटी
एवढा निबंध? कडक माणूस वाचेल तरी का?

लेथवाला_काका
वाचेल. त्याला फाइल हवी असणार.

गोदाकाठ
माझी शंका वेगळी. साहेबांनी नुसता 👍 दिला तर रजा मंजूर धरायची का?

नियमाने_चला
धरायची. कॅनडात 2023 मध्ये कोर्टाने 👍 ला करारावरची सही मानलं. शेतकऱ्याला 82 हजार डॉलर भरावे लागले.

रजा_रजिस्टर
तो जवसाच्या विक्रीचा व्यवहार होता. त्या शेतकऱ्याने त्याच खरेदीदाराचे आधीचे करारही "ओके" अशा तुटक मेसेजवर मान्य करून माल दिला होता, म्हणून कोर्टाने 👍 ही संमती धरली. तेच इथे लावून बघा. जुन्या साहेबांचा 👍 म्हणजे मंजुरी, हे वर्षानुवर्षं ठरलेलं होतं. नव्या साहेबांशी तसं काहीच ठरलेलं नाही. त्यांच्या 👍 चा अर्थ नुसता "वाचलं" असाही असू शकतो.

नियमाने_चला
मग प्रत्येक वेळी "मंजूर ना सर?" विचारत बसायचं? त्यानेच जास्त चिडतील.

रजा_रजिस्टर
पोर्टल असेल तर विचारायची वेळच येत नाही. तिथे अर्ज टाकायचा, मेसेज फक्त खबरीसाठी.

सिडकोवाला
पोर्टल आहे, पण जुन्या साहेबांच्या वेळी कोणी उघडायचंच नाही. पासवर्ड रिसेट करतोय.

सिडकोवाला
अपडेट: फोन उचलला नाही. तुमचाच मेसेज टाकला. दहा मिनिटांनी उत्तर आलं, "जोडीदाराला साडेसहाला यायला सांगा. पोर्टलवर टाका." वडिलांबद्दल काहीच नाही. म्हणजे चिडलेत का?

लेथवाला_काका
नाही रे. तुझ्या माणसाची वेळ लावली म्हणजे तू येणार नाहीस हे धरलंय. झोप आता.

गोदाकाठ
मला तर चिडलेत असंच वाटतंय. साडेसहा म्हणजे पाळीच्या अर्धा तास आधी.

आडगाव_नाका
साखर तपासली का?