कर्ज लवकर फेडावे की एसआयपी करावी? भांडुपच्या एका घराचा हिशेब

भांडुपकर
गृहकर्ज लवकर फेडा असे सांगणारे लोक वाचलेले व्याज मोजतात आणि पैशाची वाढ विसरतात. माझे ४० लाख बाकी आहेत, व्याजदर ८.५ टक्के आहे, मुदत १५ वर्षे उरली आहे आणि दरमहा २०,००० रुपये हाताशी राहतात. ते कर्जात भरले तर १६ लाखांच्या आसपास व्याज वाचते. तेच एसआयपीने दरमहा म्युच्युअल फंडात घातले तर १२ टक्क्यांनी जवळजवळ एक कोटी होतात. १६ लाखांसाठी एक कोटी सोडणे ही अर्थनिरक्षरता आहे. प्रतिवाद करायचा असेल तर आकडे घेऊन यावे.

दादरचा हिशेबनीस
दुसऱ्यांना निरक्षर म्हणण्यापूर्वी दोन्ही बाजूंचा काळ तरी सारखा धरायला हवा होता. वाचलेले व्याज आणि जमलेला निधी यांची तुलनाच होऊ शकत नाही, कारण पहिली रक्कम म्हणजे टळलेला खर्च आहे आणि दुसरीत आपण स्वतः घातलेले ३६ लाख रुपये धरलेले आहेत.

आपला हप्ता साधारण ३९,३९० रुपये असणार. त्यात २०,००० ची भर घातली तर कर्ज सुमारे ७ वर्षे ८ महिन्यांत संपते. आपल्या मांडणीत कर्ज फेडणारा माणूस त्यानंतर काहीच करत नाही. प्रत्यक्षात उरलेली ७ वर्षे ४ महिने त्याच्याकडे दरमहा ५९,३९० रुपये मोकळे असतात आणि ते तो आपल्याच फंडात घालू शकतो. तोच १२ टक्के परतावा धरला तर पंधराव्या वर्षाच्या शेवटी त्याच्याकडे सुमारे ८३ लाख जमतात आणि आपल्याकडे सुमारे १०० लाख. त्या दिवशी दोघेही कर्जमुक्त असतात. दीर्घकालीन भांडवली नफ्यावरचा १२.५ टक्के कर दोघांनी भरला की फरक साडेबारा लाखांच्या आसपास राहतो. ती रक्कम लहान नाही, परंतु आपण दाखवलेल्या दरीच्या ती जवळपासही नाही.

आता परतावा ७ टक्के धरून पाहा. कर भरल्यानंतर कर्ज आधी फेडणारा सुमारे सहा लाखांनी पुढे राहतो. आपल्या उदाहरणात दोघांची बरोबरी होते ती ९ टक्क्यांच्या थोडे वर. याचा अर्थ असा की कर्जात भरलेल्या प्रत्येक रुपयावर ८.५ टक्के निश्चित आणि करमुक्त मिळतात, तर एसआयपीला पंधरा वर्षे सरासरी सव्वानऊच्या आसपास देत राहावे लागते, तेव्हा कुठे ती बरोबरीला येते. बारा टक्के ही अपेक्षा आहे, करार नाही.

मालाडकर विनायक
या हिशेबात प्राप्तिकर अर्धाच धरला आहे. गृहकर्जाच्या व्याजावर प्राप्तिकरात वजावट मिळते. मी ३० टक्क्यांच्या टप्प्यात आहे, त्यामुळे ८.५ टक्क्यांचे कर्ज मला सहा टक्क्यांच्याही खाली पडते. इतके स्वस्त कर्ज फेडण्याची घाई कोणी का करावी?

दादरचा हिशेबनीस
वजावट आहे हे खरे, पण आपण काढलेला निष्कर्ष या उदाहरणाला लागू होत नाही. पहिली गोष्ट म्हणजे नव्या करप्रणालीत स्वतः राहत असलेल्या घराच्या व्याजावर वजावटच मिळत नाही, आणि आज वेगळी निवड केली नाही तर तीच प्रणाली लागू होते.

जुन्या प्रणालीतही एका मालकाला वर्षाला २ लाखांची मर्यादा आहे. भांडुपकरांच्या कर्जावर पहिल्या वर्षी सव्वातीन लाखांहून अधिक व्याज जाते, म्हणजे मर्यादेवरच्या व्याजाला कसलीच सवलत नाही. त्यांनी आज लाखभर रुपये भरले, तर कमी होणारे व्याज याच वरच्या, सवलत नसलेल्या भागातले असते. त्यामुळे त्या लाखावर पूर्ण ८.५ टक्के वाचतात. बाकी मुद्दल साडेतेवीस लाखांपर्यंत खाली आले की वार्षिक व्याज २ लाखांवर येते आणि तिथून पुढे भरलेला रुपया आपली वजावट खाऊ लागतो. त्या टप्प्यावर जुन्या प्रणालीतल्या माणसाने परतफेड थांबवून गुंतवणुकीकडे वळणे योग्य ठरेल. म्हणजे आपले म्हणणे कर्जाच्या उत्तरार्धाला लागू पडते. आपण ते पहिल्या दिवसापासून लावलेत.

मालाडकर विनायक
माझ्या घरात पती-पत्नी दोघे मालक आहोत आणि दोघेही हप्ता भरतो, तेव्हा आमची मिळून मर्यादा ४ लाख होते. माझ्यापुरते माझे म्हणणे बरोबरच आहे. भांडुपकरांच्या बाबतीत ते लागू नसेल, एवढे मान्य करतो.

कांजूरमार्गची वैशाली
आपण सगळे ८.५ टक्के हा आकडा गृहीत धरून बसला आहात, पण माझी खरी तक्रार त्या आकड्याविषयीच आहे. माझे कर्ज एका गृहवित्त कंपनीचे आहे. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रेपो, म्हणजे रिझर्व्ह बँक ज्या दराने बँकांना कर्ज देते तो दर, ४ टक्क्यांवरून ६.५ टक्क्यांवर गेला, तेव्हा माझा दर वाढल्याचे पत्र वेळेवर येत गेले. हप्ता तोच ठेवून मुदत परस्पर वाढवली गेली आणि ती मी निवृत्त झाल्यानंतरच्या काळात शिरली. २०२५ मध्ये रेपो उतरू लागला, तेव्हा मात्र माझ्या दरात कित्येक महिने काहीच हालचाल नव्हती. त्याच कार्यालयात नव्या ग्राहकाला माझ्यापेक्षा जवळजवळ एक टक्का कमी दराचा फलक लावलेला होता. दहा वर्षे एकही हप्ता न चुकवणाऱ्या माणसाला नव्या ग्राहकापेक्षा महाग कर्ज का असावे, याचे उत्तर तिथे कोणीही दिले नाही.

दादरचा हिशेबनीस
वैशालीताई, आपला राग रास्त आहे. बँकांनी ऑक्टोबर २०१९ पासून दिलेली बदलत्या दराची नवी गृहकर्जे रेपोसारख्या बाहेरच्या दराला जोडलेली असतात आणि किमान तीन महिन्यांतून एकदा त्यांचा दर बदलावा लागतो. गृहवित्त कंपन्यांना ती सक्ती नाही; त्या स्वतःच्या मूळ दरावर चालतात. म्हणून तिथे उतार उशिरा पोहोचतो.

बँकेतही नव्या ग्राहकाचा रेपोवरचा अधिभार कमी असतो आणि जुन्याचा तसाच राहतो. शाखेत जाऊन सध्याच्या दरावर रूपांतर करून द्या असा लेखी अर्ज द्यावा. बहुतेक ठिकाणी थोडे शुल्क घेऊन ते करतात. नकार मिळाला तर कर्ज दुसऱ्या बँकेत हलवता येते. बदलत्या दराच्या वैयक्तिक गृहकर्जावर मुदतपूर्व फेडीचा दंड लावता येत नाही. मात्र नव्या बँकेचे प्रक्रिया शुल्क आणि गहाणाच्या नोंदणीचा खर्च आधी मांडून पाहावा.

मुदतीविषयीही सांगतो. रिझर्व्ह बँकेच्या ऑगस्ट २०२३च्या परिपत्रकानुसार दर बदलताना हप्ता वाढवायचा, मुदत वाढवायची की दोन्ही थोडे थोडे, हा पर्याय कर्जदाराला द्यावा लागतो.

भांडुपकरांनीही हे आधी करावे. दर ८.५ वरून ७.७५ वर आला आणि हप्ता तोच ठेवला, तर खिशातून जादा काही न घालता सुमारे १४ हप्ते कमी होतात, म्हणजे साडेपाच लाखांच्या आसपास. दर कमी झाला की कर्जात भरलेल्या रुपयावरचा लाभही घटतो, आणि तेव्हा एसआयपीची बाजू आजच्यापेक्षा बळकट होईल.

भांडुपकर
म्हणजे शेवटी आपण माझ्याच बाजूला आलात. एवढा मोठा लेख लिहून शिकवण्याची गरज नव्हती.

दादरचा हिशेबनीस
मी कोणत्याही बाजूला आलेलो नाही. १६ लाख विरुद्ध एक कोटी ही मांडणी चुकीची होती आणि ती आजही चुकीचीच आहे. ती वाचून कोणी निश्चित मिळणारे साडेआठ टक्के सोडून दिले, तर त्याची जबाबदारी आपण घेणार आहात का?

चेंबूरच्या सुलभाताई
भांडण थोडे बाजूला ठेवून माझेही ऐकावे. आम्ही अनेक वर्षे प्रत्येक बोनस कर्जात भरला. २०२० मध्ये टाळेबंदीच्या काळात यजमानांची नोकरी गेली, तेव्हा बँकेत शिल्लक जवळजवळ नव्हती. आम्ही लाखो रुपये आगाऊ भरले आहेत, तेव्हा काही महिने हप्ते नका घेऊ, अशी विनंती केली. पण आगाऊ भरलेल्या रकमेने मुदत कमी झाली होती, पुढच्या महिन्याचा हप्ता माफ झाला नव्हता. रिझर्व्ह बँकेने त्या वर्षी हप्ते पुढे ढकलण्याची सवलत दिली, तिचा आधार मिळाला, तरी त्या काळाचे व्याज चढतच होते. अखेर दिरांकडून उसने घ्यावे लागले. घराच्या भिंतीत घातलेला पैसा अडचणीच्या दिवशी परत काढता येत नाही. म्हणून मी माझ्या मुलाला एवढेच सांगते की वर्षभराचे हप्ते आणि घरखर्च बाजूला ठेवल्याशिवाय एक रुपयाही जादा भरू नकोस.

मालाडकर विनायक
ताई, यासाठीच ओव्हरड्राफ्ट पद्धतीचे गृहकर्ज असते. जादा पैसे त्या खात्यात ठेवले तर तेवढ्यावरचे व्याज थांबते आणि गरज पडली तर ते काढताही येतात.

दादरचा हिशेबनीस
विनायकराव, हे आपण बरोबर सांगितलेत. त्यात दर साध्या कर्जापेक्षा थोडा जास्त असतो, म्हणून खात्यात कायम मोठी रक्कम ठेवणाऱ्यालाच ते परवडते. जुन्या करप्रणालीतल्या माणसाने आणखी एक लक्षात घ्यावे की अशा खात्यात नुसती ठेवलेली रक्कम करवजावटीसाठी मुद्दलाची परतफेड म्हणून सहसा धरली जात नाही.

सुलभाताईंचा मुद्दा माझ्या सगळ्या आकड्यांच्या आधी यायला हवा. भांडुपकर, तशी राखीव रक्कम आपल्याकडे आहे का?

भांडुपकर
चार महिन्यांची आहे. आधी ती वर्षभराची करीन आणि दर कमी करण्याचा अर्ज सोमवारी देईन, एवढे मान्य. त्यानंतरही माझे २०,००० एसआयपीतच जातील, कारण माझे वय ३४ आहे आणि पंधरा वर्षांत सव्वानऊ टक्केही मिळणार नाहीत, हे मला कोणी पटवून दिलेले नाही.

कांजूरमार्गची वैशाली
माझे वय ४९ आहे आणि मुदत निवृत्तीच्या पलीकडे गेली आहे. माझ्यासाठी हेच उत्तर कसे चालेल?

दादरचा हिशेबनीस
आपल्यासाठी चालणार नाही. आपण दर कमी करून घ्या, मुदत निवृत्तीच्या आत आणण्यासाठी हप्ता किती वाढवावा लागेल ते कंपनीकडून लेखी घ्या, आणि जादा रक्कम भरताना हप्ता नव्हे, मुदत कमी करावी असे अर्जात स्पष्ट लिहा. तसे न लिहिल्यास काही ठिकाणी हप्ताच कमी करून देतात. कर्ज फिटल्यावर मूळ कागदपत्रे ३० दिवसांत परत मिळायला हवीत. कंपनीमुळे उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाईचा नियम डिसेंबर २०२३ पासून आहे. सोसायटीच्या दप्तरी असलेली बोजाची नोंदही त्याच वेळी उतरवून घ्या.

कांजूरमार्गची वैशाली
रूपांतराचे शुल्क बाकी मुद्दलावर टक्केवारीने घेतात की ठरावीक रकमेने? माझ्या कंपनीत दोन अधिकाऱ्यांनी दोन वेगळी उत्तरे दिली आहेत.