मदत हवी आहे: प्लॅनरचा प्रीव्ह्यू कॅरोसेलमध्ये किती दाखवावा?

मी मराठीतून घरखर्चाची गूगल शीट आणि प्रिंट करायचा ए४ मासिक प्लॅनर विकते. जाहिरात म्हणजे इन्स्टाग्रामवरच्या छोट्या पोस्ट आणि एक प्रीव्ह्यू कॅरोसेल, एवढंच. पैसे यूपीआयने येतात, फाइल ईमेलने जाते.

शीटची अडचण नाही. स्क्रीनशॉटमध्ये सूत्रं येत नाहीत, त्यामुळे बिनधास्त पूर्ण दाखवते. दूध-किराणा-वीजबिलाचे आकडे भरले की शिल्लक कशी बदलते, हे दोन स्लाइडमध्ये कळतं आणि माणसं विकत घेतात.

अडलंय ते प्लॅनरपाशी. १०८० × १३५० च्या स्लाइडवर ए४ पान उभं बसवलं की त्याची रुंदी साधारण ९५५ पिक्सेल भरते. म्हणजे प्रिंट काढली तर इंचाला ११५ च्या आसपास ठिपके; अक्षरं किंचित मऊ दिसतात, पण रेघा आणि रकाने वापरण्याजोगे. त्यामुळे पोस्ट सेव्ह भरपूर होते, विक्री मात्र नाही.

आडवा वॉटरमार्क टाकला तर पान गचाळ दिसतं. टेबलावर तिरकं ठेवलेल्या पानाचा फोटो टाकला, तर "आत नक्की काय आहे?" असे मेसेज येतात. फक्त कोपरा मोठा करून दाखवला, तरी तेच.

जाहिरातींवर खर्च करायचा नाही आणि किंमत १४९ रुपयेच ठेवायची आहे. तुमच्यापैकी जे प्रिंटेबल विकतात त्यांना विचारते: हाताने भरलेलं पान पूर्ण दाखवून कोरं पान अजिबात न दाखवणं चालतं का? की एक कोरं पान फुकट देऊन बाकीची झाकावीत?