'ढोबळ नफा' म्हणजे अंदाजे नफा?

अनुजा_क: एका दुकानाच्या हिशोबावरचा लेख मराठीत करतेय. त्यात आहे की ग्रॉस मार्जिन 32 टक्क्यांवरून 27 वर आलं, नेट मार्जिन मात्र 5 टक्क्यांवरच राहिलं. मी 'ढोबळ' आणि 'निव्वळ' लिहिलं. मसुदा वाचणाऱ्या मैत्रिणीचा प्रश्न: "ढोबळ म्हणजे अंदाजे ना? मग नक्की आकडा सांग की." दुसरा शब्द सुचतोय का?

शब्दवेडा: जीडीपीत 'सकल' चालतं, इथेही चालवा. आणि मार्जिनला वहीतला 'समास' काय वाईट आहे? निव्वळ तर 'निवळणे'मधूनच आला असणार. गाळ बसल्यावर वर राहतं ते.

गल्ल्यावरचा: समास? गिऱ्हाईक पळून जाईल! आम्ही मार्जिनच म्हणतो. 80 ला आणलं, 100 ला विकलं, 25 टक्के मार्जिन.

जमाखर्च: ते 25 टक्के खरेदीवरचे, म्हणजे मार्कअप. मार्जिन विक्रीवर काढतात, ते 20. तुमचे 25 धरून कुणी 22 टक्के सूट दिली तर 80 चा माल 78 ला जाईल.

अनुजाताई, शब्द राहू द्या, तुमचं ते वाक्यच जास्त बोलकं आहे. शंभराच्या विक्रीत माल आधी 68 चा जायचा, आता 73 चा जातो. तरी शेवटी 5 उरतात, कारण भाडं, पगार, वीज, व्याज मिळून 27 जात होते ते 22 झाले. दुकान सावरलेलं दिसतं, पण दुखणं मालात आहे. खरेदी महागली, सूट वाढली की माल गायब होतोय, हे शोधायला हवं. खरेदीची बिलं आणि विक्रीचे दर एकेका वस्तूसाठी ताडून बघा. प्रत्येक वस्तूवर पूर्वीइतकंच सुटत असेल तर कमी मार्जिनच्या वस्तू आता जास्त खपतायत का ते बघा. तेही नसेल तर गोदामातला माल मोजायला घ्या. चोरी, नासधूस किंवा चुकीची मोजदाद, यातलं काहीतरी निघण्याची शक्यता जास्त.

रेवा०७: ब्रोकर सारखं मार्जिन भरा म्हणतो, ते यातलंच का?

शब्दवेडा: नाही हो, ते तारण. बघा, एकच परका शब्द दोन अर्थांना वापरला की असं होतं.

अनुजा_क: लेखात पुढे आहे की एक नोकर सोडून गेला आणि मालक स्वतः काउंटरवर बसायला लागला.

जमाखर्च: मग 27 चे 22 तिथेच झाले. मालकाने स्वतःचा पगार धरलेला नाही. तो धरला तर 5 राहणार नाहीत.

गल्ल्यावरचा: स्वतःच्याच दुकानात कसला पगार? उरेल ते आपलंच.

जमाखर्च: उद्या आजारी पडलात तर काउंटरवर फुकट कोण बसणार?

गल्ल्यावरचा: बायको बसते.

रेवा०७: तिचा पगार धरता?