योगातलं 'शौच' वाचलं आणि वर्ग हसला

सुरंगी: फोंड्याकडच्या एका शाळेसाठी योगावरचं छोटं पुस्तक मराठीत करतेय, मुलं सहावी-सातवीची. पतंजलीचे पाच नियम आहेत ना, शौच, संतोष, तप, स्वाध्याय, ईश्वरप्रणिधान, त्यातला पहिलाच शब्द वाचला आणि अख्खा वर्ग हसायला लागला. एकाने तर हात वर करून विचारलं, टीचर, मी जाऊ? आता छापायचं काय? शुद्धी, शुचिता की स्वच्छता?

जुना मास्तर: शब्द बदलू नका हो. शुचि म्हणजे स्वच्छ, त्याचा भाव तो शौच. शौचास जाणे म्हणजे मुळात शुद्ध व्हायला जाणे, तेव्हा तोच सभ्य पडदा होता. शंभर वेळा वापरला की पडद्यालाच वास लागतो, मग आपण नवा शोधतो. मुलांना अर्थ समजवा, पाच मिनिटांचं काम आहे.

बार्देशकार: आमची आजी 'परसाकडे' म्हणायची, संडास हा शब्द तिला घाण वाटायचा. संडास पोर्तुगीजांनी आणला ना? आणि पायखाना तर सरळ आपला, पाय ठेवायची जागा.

माडावरचा: पोर्तुगीज कसा असेल, संडास हिंदीतही चालतो आणि विदर्भातही, तिथे पोर्तुगीज कुठे पोचले? पायखाना फारसी आहे. पाय म्हणजे पाऊल हे मात्र बरोबर, फारसीतही पाय तोच, दोन्ही भाषा एकाच कुळातल्या.

शेवंती: बसस्टँडवर 'स्वच्छतागृह' लिहिलेलं असतं आणि आत पाय ठेवायची सोय नाही, त्यावर कोणी बोलणार का? गेल्या आठवड्यात सासूबाईंना घेऊन गेले होते, बिचाऱ्या तशाच परत आल्या.

सुरंगी: शेवंतीताई, वाईट वाटलं वाचून, पण माझा प्रश्न शब्दाचा आहे. मास्तर, पाच मिनिटांत नाही होत, दर वर्षी नवी मुलं येतात, आणि घरी तर तो शब्द एकाच अर्थाने ऐकतात.

माडावरचा: मला यातलं दुसरंच कोडं वाटतं. याला इंग्रजीत युफेमिझम ट्रेडमिल म्हणतात, १९९४ मध्ये स्टीव्हन पिंकरने हे नाव दिलं, म्हणजे नवा सभ्य शब्द आणा, थोड्या वर्षांत तोही जुन्याइतकाच मळतो. पण मळतो तो नेमका कुठला? शौच मळला, आणि त्याच शुचितून आलेला 'शुचिर्भूत' नाही मळला, आपण आजही शुचिर्भूत होऊन पूजेला बसतो. 'अशौच' म्हणजे सुतक, त्यावर कोणी हसत नाही. परसाकडे मळला, परसबाग तशीच. प्रसाधनगृह झालं तरी सौंदर्यप्रसाधनं दुकानात बिनधास्त विकली जातात. खरं तर टॉयलेटचा प्रवासही तसाच, फ्रेंचमध्ये आधी छोटं कापड, मग साजशृंगार, मग ती खोली.

सुरंगी: मग शौचच का मळला?

माडावरचा: क्रियापद बघा. 'संडास लागली', 'शौचाला झाली', 'परसाकडे लागलीय'. शब्द खोली सोडून थेट क्रियेला चिकटला की संपला. 'मला प्रसाधनगृह लागलं' असं कोणी म्हणत नाही म्हणून तो अजून वाचलाय. लांबलचक शब्द पाटीवरच राहतात, तोंडात येत नाहीत, हा त्यांचा फायदा. शुचितेला ना 'लागली' जुळतं ना 'झाली', तेव्हा पुस्तकात शुचिता छापा.

जुना मास्तर: हे पटत नाही. लघवी बघा, लघु म्हणजे लहान, तो केव्हाचाच क्रियेला चिकटलाय, तरी डॉक्टरसमोर आपण सरळ लघवीच म्हणतो, लाजत नाही. आणि आज शौच सोडलं तर उद्या तपही सोडाल.

शेवंती: दवाखान्यात आता लघवीही म्हणत नाहीत, युरिन म्हणतात. सासूबाईंना नर्सने विचारलं, आजी, मोशन झालं का? त्यांना कळेचना, मी कानात 'परसाकडे' म्हटलं तेव्हा लाजल्या, पण उत्तर दिलं.

माडावरचा: लघवीचं मास्तरांचं खरं आहे, ते माझ्या नियमात बसत नाही. विचार करावा लागेल.

बार्देशकार: आमच्याकडे कोकणीत 'भायर वचप' म्हणतात, मराठीत बायकांचं 'बाहेर बसणं' वेगळं. माझी बायको कोल्हापूरची, लग्नानंतर पहिल्या महिन्यात आई म्हणाली मी भायर वता, तर तिला वाटलं या वयात कसं!

सुरंगी: शुचिता लिहिते आणि खाली बारीक अक्षरात 'मूळ शब्द शौच' देते. मास्तर, रागावू नका.

जुना मास्तर: खाली नको, वर द्या. शुचिता खाली.

शेवंती: माझी नात काल म्हणाली, आजी, मला वॉशरूम लागलीय.