मेनूकार्डाच्या फोटोवरून दरपत्रक

"चिकन सुक्यासमोर १८०/३२० आणि पापलेट फ्रायसमोर 'साईजप्रमाणे' छापलंय. शीटमध्ये कसं भरू?"

प्रत्येक मापाला स्वतंत्र ओळ द्या.

```
पदार्थ,माप,दर,शेरा
चिकन सुकं,हाफ,180,
चिकन सुकं,फुल,320,
पापलेट फ्राय,,,साईजप्रमाणे
```

पापलेटचा दर रिकामाच ठेवा. शून्य टाकलंत तर बिलात पापलेट फुकट जाईल!

मालवणात आमच्या खानावळीचं कार्ड भरताना लॅमिनेशनच्या चकाकीत १८० चे १३० वाचले गेले होते. सापडलं ते ताळ्यामुळे: आमच्याकडे फुलचा दर हाफच्या दुपटीहून कमीच असतो, आणि १३० ची दुप्पट २६०, तर फुल ३२०. अशी ओळ दिसली की फोटो मोठा करून बघा. दोन्ही आकडे एकदम चुकले तर मात्र हा ताळा पकडेलच असं नाही, म्हणून शेवटी मूळ कार्ड हातात घेऊन एकदा वाचाच.