२०१८ ची स्विफ्ट, आरसा कुठला?

‘माझी स्विफ्ट २०१८ ची आहे. गुहागरात गडग्याला घासून डावा आरसा तुटला. ऑनलाइन २०१८ च्या नावावर दोन प्रकार दिसतात. कुठला मागवू?’

आधी आरसी बुक काढा आणि नोंदणीची तारीख सोडून उत्पादनाचा महिना-वर्ष बघा. नवी स्विफ्ट फेब्रुवारी २०१८ मध्ये आली. त्यामुळे १२/२०१७ ला बनलेली गाडी जानेवारीत पासिंग झाली असेल, तर लोक तिला २०१८ ची म्हणणार, पण आरसा जुन्या मॉडेलचाच लागणार. कागद हाताशी नसेल तर मागचं दार बघा. हँडल दारावर नेहमीच्या जागी असेल तर जुनं मॉडेल, वर काचेमागच्या काळ्या भागात लपलेलं असेल तर नवं.

मॉडेल जुळलं तरी काम संपत नाही. तुमचा आरसा आतल्या दांडीने हलतो की बटणाने? मिटतो का? त्यावर इंडिकेटर आहे का? व्हेरियंटप्रमाणे हे बदलतं. दाराच्या आतलं तिकोनी प्लास्टिक काढून कनेक्टरचा फोटो घ्या आणि त्यातल्या पिना विक्रेत्याच्या फोटोशी मोजून बघा. बाहेरून आरसा हुबेहूब असतो, घोळ इथेच होतो.

LH म्हणजे चालकाच्या सीटवर बसून डावीकडचा, समोर उभं राहून नव्हे. आणि फक्त काच फुटली असेल तर अख्खा आरसा कशाला घेताय? काच सुटी मिळते.